अवयवाचा हेतू आणि माणसाचा हेतू

प्रश्न: ‘हे निसर्गाच्या विरुद्ध आहे म्हणून चूक’ असं आमच्या घरात नेहमी ऐकते. तत्त्वज्ञानात हा युक्तिवाद खरंच टिकतो का?

अवयवाच्या हेतूवरून मांडला तर माझ्या मते टिकत नाही. अख्ख्या माणसाच्या हेतूवरून मांडला तर त्यात दम आहे, पण तिथेही एक अडचण उरते. मी मुंबईत वकिली करतो, म्हणून उदाहरण कायद्यातलं देतो.

भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मध्ये ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला शिक्षा होती, पण निसर्गक्रम म्हणजे काय याची व्याख्या नव्हती. १९२५ साली खानू खटल्यात सिंधच्या न्यायालयाला ती ठरवावी लागली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. मुद्दा होता मुखमैथुनाचा. न्यायालय म्हणालं, संभोगाचा नैसर्गिक हेतू म्हणजे गर्भधारणेची शक्यता. इथे ती नाही, म्हणून हा गुन्हा.

हाच निकष पाळी गेलेल्या बाईच्या संसाराला लावून बघा. गर्भधारणेची शक्यता तिथेही नाही, आणि त्या नवरा-बायकोला कुणी दोषी म्हणत नाही. यावर समर्थक सांगतात की त्यांची कृती मूल होण्याच्याच प्रकारची आहे, फळ येत नाही इतकंच. पण मग शक्यतेचा निकष सोडून आपण कृतीच्या आकारावर आलो, आणि नुसत्या आकाराला नैतिक वजन का द्यायचं हे वेगळं सिद्ध करावं लागतं. नाक श्वासासाठी आहे, तरी त्यावर चष्मा ठेवण्यात कुणाला पाप दिसत नाही. एखादी गोष्ट काय करते, यावरून आपण काय करावं हे आपोआप निघत नाही, हा अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाचा आक्षेप इथे नेमका लागू पडतो.

थॉमस अक्वायनसवर मात्र एवढ्यावरून फुली मारू नका. तेराव्या शतकातल्या या विचारवंताने नैसर्गिक कायद्याची, म्हणजे माणसाच्या स्वभावावरून नीती ठरवणाऱ्या सिद्धांताची, सुरुवात ‘चांगलं ते करावं, वाईट टाळावं’ इथून केली, आणि चांगलं काय हे माणसाच्या ओढींवरून ठरवलं: जगणं, मुलं वाढवणं, सत्य जाणणं, समाजात राहणं. आपल्या नात्यात खोटं बोललं की विश्वास तुटतो आणि एकत्र राहणं अवघड होतं, म्हणून ते वाईट. हे मला पटतं.

अडचण अशी की माणसाला सूडाचीही ओढ असते. कुठली ओढ यादीत घ्यायची हे निसर्ग सांगत नाही, विवेक सांगतो, आणि विवेकी माणसांच्या याद्या जुळत नाहीत. कायद्याचे तत्त्वज्ञ जॉन फिनिस यांनी १९८० मध्ये अवयवांऐवजी मूलभूत हितांवरून हा सिद्धांत नव्याने मांडला, तरी समलिंगी संबंधांना त्यांचा विरोध राहिलाच.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ रद्द केलं, तेव्हा लैंगिक कल नैसर्गिक असतो असंही म्हटलं. मला त्या निकालातला हा भाग सगळ्यात कच्चा वाटतो. रागही नैसर्गिकच असतो. निकालाचा खरा भार पेलतात ते संमती, खाजगीपणा आणि प्रतिष्ठा हे मुद्दे.