टॅटूतली परकी लिपी: सुई लागण्याआधीची प्रश्नोत्तरे

मनगटावर हिब्रूत ‘शालोम’ गोंदवून घ्यायचंय. टॅटू आर्टिस्टने पाठवलेल्या डिझाइनचा फोटो जोडला आहे. मला हिब्रू वाचता येत नाही. शब्द बरोबर आहे का?

नाही, शब्द उलटा पडला आहे. हिब्रू न येताही हे तुम्हाला स्वतःला पडताळून पाहता येईल.

शालोममध्ये चारच अक्षरं असतात: शीन, लामेद, वाव आणि मेम. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे शीन सगळ्यात उजवीकडे आणि मेम सगळ्यात डावीकडे यायला हवा. मेमची एक खासियत आहे. तो शब्दाच्या शेवटी आला की त्याचं रूप बदलतं आणि तो चारही बाजूंनी बंद असलेल्या चौकोनासारखा दिसतो. अशी शेवटासाठी वेगळं रूप घेणारी पाच अक्षरं हिब्रूत आहेत. तुमच्या फोटोत तो बंद चौकोन उजव्या टोकाला आहे, म्हणजे शब्दाचा शेवट सुरुवातीला येऊन बसला आहे.

आता तो उलटा कशामुळे झाला हे बघायला हवं, कारण दुरुस्ती त्यावर ठरते. शक्यता दोन. एक तर पूर्ण फोटोच आरशातल्यासारखा फिरला असेल. नाही तर डिझाइनच्या सॉफ्टवेअरने अक्षरं तशीच ठेवून फक्त त्यांचा क्रम डावीकडून उजवीकडे लावला असेल. यातलं काय झालं ते वाव सांगतो. वाव म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या माथ्यावर डावीकडे वळलेलं छोटं टोक. फोटोच फिरला असता तर ते टोक उजवीकडे दिसलं असतं. तुमच्या फोटोत ते डावीकडेच आहे. म्हणजे अक्षरं सुलट आहेत आणि क्रम तेवढा उलटा आहे.

म्हणूनच ‘फोटो फ्लिप करून देतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. त्याने क्रम सुधारेल, पण प्रत्येक अक्षर उलटं होईल. शब्द नव्यानेच टाइप करायला हवा, तोही उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिप्यांची सोय सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये चालू करून. आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. देवनागरी न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शक्ति’ टाकलं की पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षराचा पाय मोडतो. आपण ते एका नजरेत पकडतो. हिब्रूत तसं पकडता येत नाही, म्हणून चौकोन आणि वाव या दोन खुणा लक्षात ठेवा.

अरबीत ‘हुब्ब’ म्हणजे प्रेम, हे गोंदवायचं आहे. डिझाइन कागदावर काढून त्याचा फोटो घेतलाय. एका मैत्रिणीला त्यात टिंब जास्त वाटतंय. टिंबाने एवढा काय फरक पडतो?

मैत्रिणीचे आभार माना. या शब्दात दोन अक्षरं आहेत: उजवीकडे ‘हा’ आणि डावीकडे ‘बा’. ‘हा’ला टिंब नसतं, ‘बा’च्या खाली एक असतं. त्याच ‘हा’च्या आकाराखाली टिंब दिलं की तो ‘जीम’ होतो आणि शब्द ‘जुब्ब’ असा वाचला जातो. जुब्ब म्हणजे खोल विहीर. तुमच्या फोटोत पहिल्या अक्षराखाली एक काळा ठिपका आहे. तो शाईचा शिंतोडा असेल किंवा कागदावरचा डाग, पण स्टेन्सिल काढणाऱ्याला ते कळणार नाही आणि तो इमानदारीने तोही छापेल.

म्हणून खालची टिंबं मोजा. पूर्ण शब्दाखाली एकच टिंब हवं आणि ते डाव्या अक्षराखाली. अक्षरांच्या वर उच्चाराच्या छोट्या खुणा असतील तर त्या या मोजणीत धरू नका. त्या असल्या तरी चालतात, नसल्या तरी चालतात.

फोटोत दोन्ही अक्षरं सुटी दिसतात, ती दुसरी चूक आहे. अरबीत शब्दातली अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. डावीकडच्या अक्षराला न जोडली जाणारी अक्षरं सहाच: अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय आणि वाव. ‘हा’ त्यांत नाही, त्यामुळे इथे तुटक जागा असूच शकत नाही. मात्र प्रत्येक तुटक जागा चूक नसते. ‘सलाम’मध्ये शेवटचा मीम सुटाच दिसतो, कारण त्याच्या आधी अलिफ आहे. ते ‘दुरुस्त’ करून जोडून टाकलेलं डिझाइनही मी पाहिलं आहे.

टिंबांच्या आकाराविषयीही आर्टिस्टशी बोला. शाई त्वचेत वर्षांगणिक थोडी पसरते. जवळजवळ दिलेली बारीक टिंबं पुढे एकमेकांत मिसळतात. अरबीत एक, दोन आणि तीन टिंबांची अक्षरं वेगवेगळी आहेत, म्हणून अक्षरं लहान करून जागा वाचवू नका.

एका तक्त्यात ए ते झेड प्रत्येक अक्षरासमोर एक चिनी अक्षर दिलंय. त्यावरून मुलीचं नाव जुळवलंय. चालेल ना?

कृपया गोंदवू नका. चिनी भाषेत अशी मुळाक्षरं नाहीत. तिथलं प्रत्येक अक्षर आपापला उच्चार आणि अर्थ घेऊन येतं, त्यामुळे तक्त्यावरून जुळवलेलं नाव चिनी वाचणाऱ्याला कुठल्याच नावासारखं वाटणार नाही. जपानी चालत असेल तर परकी नावं उच्चाराप्रमाणे लिहिण्यासाठी काताकाना ही लिपी आहे. तिच्यात नाव लिहून मागा.

मोबाइलच्या भाषांतर ॲपने फोटोतल्या जपानी अक्षरांचा अर्थ बरोबर दाखवला. एवढं पुरे का?

पुरे नाही. ॲप नक्षीदार वळणातून जवळचा ओळखीचा शब्द उचलतं आणि रेघ कमी-जास्त असली तरी समजून घेतं. जपानीत मात्र एका रेघेने शब्द बदलतो. ‘मोठा’ या अर्थाच्या अक्षराच्या उजव्या खांद्यावर टिंब दिलं की ‘कुत्रा’ होतो.

दुसरी अडचण सुट्या अक्षरांचे अर्थ जोडण्याची. 2019 मध्ये गायिका आरियाना ग्रांडे हिने ‘सात अंगठ्या’ अशा अर्थाने तळहातावर दोन अक्षरं गोंदवून घेतली. पहिल्याचा अर्थ सात, दुसऱ्याचा कडं किंवा चाक. पण ही दोन शेजारी आली की जपानी माणूस ‘शिचिरिन’ वाचतो, आणि ती आहे कोळशावरची छोटी शेगडी. मधली अक्षरं गाळली गेली आणि अर्थ गेला.

हे पकडायला साधा उपाय आहे. शब्द त्याच लिपीत टाइप करा आणि अर्थ न टाकता चित्रांचा शोध घ्या. शेगड्यांचे फोटो आले तर उत्तर मिळालं.

नंतर ती भाषा रोज वाचणाऱ्या माणसाला फोटो दाखवा, पण ‘याचा अर्थ धैर्य होतो ना?’ असं विचारू नका. माणूस संकोचाने हो म्हणतो. ‘इथे काय लिहिलंय?’ एवढंच विचारा आणि दुसऱ्या एखाद्यालाही वेगळं गाठून तेच विचारा. दोघांनी न अडखळता एकच शब्द वाचला, तर पुढे जा.

डिझाइन तपासून झालं. आता बसण्याच्या दिवशी आणखी काही बघायचं का?

हो, स्टेन्सिल. ते त्वचेवर उमटल्यावर पुन्हा तपासा, कारण कागद उलट्या बाजूने लागला तर सगळी अक्षरं उलटी उमटतात. ही तपासणी आरशात करू नका. पुढच्या कॅमेऱ्याने स्वतः फोटोही घेऊ नका, अनेक फोनमध्ये तो उलटा साठवला जातो. सोबतच्या माणसाला समोरून मागच्या कॅमेऱ्याने फोटो घ्यायला सांगा आणि तपासलेल्या डिझाइनशेजारी ठेवून एकेक अक्षर, एकेक टिंब जुळवा. सुई लागेपर्यंत स्टेन्सिल पुसून परत लावता येतं, म्हणून घाई करणाऱ्याला तेवढा वेळ थांबायला सांगा.