सिरीज एलसीआर सर्किटचा फेज डिफरन्स, इम्पीडन्स आणि रेझोनन्स फ्रिक्वेन्सी कशी काढायची? माझा रेझोनन्सचा करंट उत्तरापेक्षा निम्माच येतो, काय चुकतंय?

काही चुकत नाही. तुमच्या पुस्तकातली कॉइल आणि टेबलावरची कॉइल वेगळ्या आहेत, एवढंच. याच निम्म्या करंटवरून बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नलने माझे मार्क कापले होते, म्हणून लिहायला बसलो.

माझ्याकडे 100 ओहमचा रेझिस्टर, 100 मिलिहेन्रीची कॉइल आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. f₀ = 1/(2π√(LC)) ने 1592 हर्ट्झ येतात आणि ग्राफचं शिखरही तिथेच होतं. सिग्नल जनरेटर 5 व्होल्टवर लावलेला. साहेब म्हणाले, "5 भागिले 100, म्हणजे 50 मिलिअँपिअर पाहिजेत. तुझे 24 कसे?" मी कॉइल सुटी करून मल्टिमीटरने मोजून दाखवली: 60 ओहम. जनरेटरचा आतला रेझिस्टन्स 50. बेरीज 210, आणि 5 भागिले 210 म्हणजे बरोबर 24. साहेबांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. "जर्नलमध्ये R किती लिहिलंय? 100 ना?" विषय संपला.

त्याच रेझोनन्सला कपॅसिटरवर जवळपास 24 व्होल्ट होते, दिलेल्या 5 व्होल्टच्या पाचपट जवळ. X_L आणि X_C दोन्ही 1000 ओहम, पण विरुद्ध फेजमध्ये, म्हणून एकमेकांना खातात. व्हायवाला विचारायचं तर हे विचारावं.

तर इम्पीडन्स काढताना R मध्ये कॉइलचे ओहम धरा:

Z = √(R² + (X_L − X_C)²), tan φ = (X_L − X_C)/R

2000 हर्ट्झला X_L 1257 आणि X_C 796, फरक 461. R 160 धरलं तर Z येतो 488 ओहम आणि करंट व्होल्टेजच्या 71 अंश मागे. नुसते 100 धरलेत तर कोन 78 अंश येईल आणि सीआरओशी कधीच जुळणार नाही. इथे जनरेटरचे 50 धरायचे नाहीत, कारण व्होल्टेज आपण त्याच्या टर्मिनलवरच बघतो. ते रेझोनन्सला खाली बसतं, माझं 3.8 वर आलं होतं. म्हणून प्रत्येक रीडिंगला ते पुन्हा मोजा.

फेजसाठी एका चॅनलवर टर्मिनल व्होल्टेज, दुसऱ्यावर रेझिस्टरवरचं. दोन्ही लहरींमधलं अंतर Δt घ्या, φ = 360·f·Δt. वरच्या उदाहरणात ते साधारण 98 मायक्रोसेकंद भरतं. रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूलाच हवा, नाहीतर प्रोबची ग्राउंड क्लिप मधले घटक शॉर्ट करते. करंटही या रेझिस्टरवरूनच काढा. स्वस्त मल्टिमीटरची एसी रेंज बऱ्याचदा 400 हर्ट्झपर्यंतच भरवशाची असते.

आणि हो, कॉइलमध्ये लोखंडी गाभा असेल तर माझी मल्टिमीटरची युक्ती अपुरी पडते. एसीवर गाभ्यातला लॉसही R मध्ये मिळतो, मग टर्मिनल व्होल्टेजला रेझोनन्सच्या करंटने भागून जो R येतो तोच धरायचा. एक्स्टर्नल काहीही म्हणोत.