लाइव्ह लोकेशन बंद केलं, तरी ग्रुपात घराचा ठिपका दिसतोय

«शनिवारी सकाळी १० ला धुळ्याहून चोपड्याला लग्नाला निघालो, तेव्हा भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ८ तासांचं लाइव्ह लोकेशन टाकलं. ४ वाजता घरी आलो आणि फोनचं जीपीएस बंद केलं. आज रविवारची रात्र झाली तरी ग्रुपात आमच्या घरावरचा ठिपका दिसतोय. ग्रुपात १४० जण आहेत, निम्मे ओळखीचेही नाहीत. काय करू?»

ताई, या ठिपक्याने आमच्याही डोक्याला भरपूर ताप दिलाय, म्हणून सविस्तर लिहितो. मेसेज अजून डिलीट केला नसेल तर हात आवरा आणि आधी हे वाचा.

जीपीएस बंद केल्याने लोकेशन जायचं थांबतं, शेअरिंग संपत नाही. ८ तास पुरे व्हायच्या आत कुणी मॅप उघडायला लोकेशन चालू केलं, की ठिपका पुन्हा हलू शकतो. तुमचे ८ तास शनिवारी संध्याकाळी ६ ला संपले, म्हणजे ते आपोआप मिटलं. तरी Settings, Privacy, Live location इथे एकदा बघाच. शेअरिंग चालू असलेल्या सगळ्या चॅट तिथे दिसतात. एखादी चॅट निघाली तर Stop sharing दाबा. लग्नाच्या गडबडीत ग्रुपसोबत ड्रायव्हरलाही वेगळं पाठवलेलं असतं, तेच नेमकं विसरतं.

आता तुमचा ठिपका. शेअरिंग संपलं तरी मॅपचं छोटं चित्र चॅटमध्ये राहतं आणि त्यावर बोट ठेवलं की शेवटची नोंदलेली जागा उघडते. चोपडा, अमळनेर असा गेल्या-आल्याचा रस्ता तिथे दिसत नाही, फक्त शेवटचा बिंदू दिसतो. तुम्ही घरी पोचल्यावर जीपीएस बंद केलं, म्हणून तो बिंदू नेमका घरावर बसला. गावात शिरायच्या आधी, फाट्यावरच Stop sharing दाबलं असतं तर ठिपका फाट्यावर राहिला असता.

तो काढायचा एकच मार्ग आहे: मेसेज दाबून धरा, डिलीटचं चिन्ह, मग Delete for everyone. इथेच लोक फसतात. त्याच खिडकीत Delete for me असतं आणि घाईत बोट तिथे पडतं. तुमच्या फोनवरून मेसेज गेला की वाटतं झालं काम, पण १४० फोनांवर तो जसाच्या तसा असतो, आणि सगळ्यांकडून काढायला तुमच्या हातात काही उरत नाही. तुमच्या फोनमधला तो मेसेज म्हणजे विहिरीतल्या बादलीचा दोर, तो सुटला की बादली तळाशी. चुकून दाबलंच तर खाली ५ सेकंद Undo दिसतं, ते लगेच दाबा.

दोर सोडायचा दुसरा प्रकार म्हणजे «ॲप काढून टाका आणि परत घाला» हा सल्ला. एका मोबाइल दुकानाने आम्हालाही तोच दिला, नाव घेत नाही. बॅकअप नसेल तर आपल्याच चॅट जातात आणि दुसऱ्यांच्या फोनवरचं चित्र तसंच राहतं. या एका वाक्याने किती जणांचं वाटोळं झालं असेल, देव जाणे. काउंटरवरच्या पोराला दुसरं काही येत नसावं.

Delete for everyone ला मुदत आहे, साधारण दोन दिवस, आणि ती मेसेज पाठवल्यापासून मोजली जाते, शेअरिंग संपल्यापासून नाही. तुमचा मेसेज शनिवारी सकाळी १० चा, म्हणजे सोमवार सकाळी १० च्या आत काम उरका. थोडी सवलत मिळतेही, पण तिच्या भरवशावर बसू नका. मेसेज तुमच्याकडून आधीच गेला असेल तर ग्रुपच्या ॲडमिनला फोन करा. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण त्यालाही उद्यावर ढकलू देऊ नका. मेसेजच्या जागी «डिलीट केला» अशी ओळ राहील. कुणी विचारलं तर सांगा, चुकून पडला होता.

एक वेगळी गोष्ट. चॅटमध्ये मॅपच्या चित्राऐवजी maps.app.goo.gl अशी निळी लिंक असेल, तर ते गूगल मॅप्सचं शेअरिंग असू शकतं. व्हॉट्सॲपमधलं कुठलंच बटण ते बंद करत नाही आणि मेसेज काढला तरी लिंक मरत नाही. मॅप्समध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवून Location sharing उघडा आणि तिथून थांबवा.

कुणी आधीच स्क्रीनशॉट काढला असेल तर त्याला इलाज नाही. आणि कुणी मुद्दाम पाळत ठेवतंय असा संशय असेल तर डिलीट करण्याआधी चॅटचा स्क्रीनशॉट तुम्हीच घेऊन ठेवा, तक्रारीला पुरावा लागतो. फोननुसार बटणं थोडी इकडेतिकडे असतील. आता आधी मेसेज दाबून धरा आणि दोनदा वाचून मगच बोट ठेवा.