मुलगी अडीच वर्षांची आणि मुलगा सातवीत, दोघांना मोबाईलचा एकच नियम लावला तर चालेल का? किती वेळ द्यावा?

नाही चालणार. माझं आणि थोरल्या दादाचं यावरूनच अजून वाजतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे.

दादाची मुलगी सातवीला, मराठी माध्यमात. धाकटा तेव्हा अडीच वर्षांचा. दादानं पोरीचा मोबाईल अभ्यास बुडतो म्हणून कपाटात ठेवला आणि धाकट्याला प्रत्येक जेवणाला इंग्रजी गाणी लावून दिली. पोरगा एबीसीडी घडाघडा म्हणायचा, दादा पाहुण्यांना कौतुकानं ऐकवायचा. पण तहान लागली की तो वहिनीचा हात धरून माठापाशी ओढत न्यायचा. "पाणी दे" एवढंही येत नव्हतं, आणि दोन वर्षांचं झाल्यावर मूल असे दोन शब्द जोडायला लागतं. दादाचं म्हणणं, घरात मराठी आणि गल्लीत कन्नड, म्हणून पोर गोंधळलंय. साफ चूक. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरायचे. आपल्याकडची पोरं दोन-तीन भाषांत वाढतच आलीत.

एवढ्या वयाचं मूल बोलायला शिकतं ते समोरचं माणूस उत्तर देतं म्हणून. त्यानं बोट दाखवलं की आई म्हणते, "काऊ बघ, उडाला." मग ते परत काहीतरी म्हणतं. मोबाईलमधलं गाणं त्याच्या बोटाकडे बघत नाही, पुढं सरकत राहतं. वहिनीनं जेवताना मोबाईल बंद केला तेव्हा सुरुवातीला आकांत झाला. मग भाकरी मोडता मोडता बोलणं सुरू झालं, "अजून दे", "नको आई".

पोरीचं उलट. तिला कन्नडचे धडे जड जायचे. ती व्हिडिओ थांबवते, मागं नेते, वहीत लिहून घेते. पडद्यावरचं उचलून वापरणं तिला जमतं, धाकट्याला ते अजून फार थोडं जमतं.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन असं: दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच फार तर 1 तास, तोही कुणीतरी शेजारी बसून, पाच ते दहा 2 तासांच्या आत. दहाच्या पुढं झोप, खेळ, अभ्यास आणि घरच्यांशी बोलणं यांतलं काही मोबाईलपायी मागं पडतंय का ते बघायचं. सातवीच्या पोराला मिनिटं मोजत बसू नका, पण झोपायच्या तासभर आधी मोबाईल त्याच्या खोलीबाहेर पाहिजे.

पुण्याच्या मामाशी व्हिडिओ कॉल लहानग्यांनाही चालतो, कारण मामा उत्तर देतो. आणि मूल हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल, तर नुसत्या मोबाईलवर खापर फोडू नका, आधी कान तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दादाच्या पोराचेही तपासले होते, कान ठीक निघाले.

दादा आजही म्हणतो, मोठीला दिला तर धाकटा मागणारच. मागू दे. तिनं धडा दुसऱ्या खोलीत बसून बघावा, पण त्याच्यापायी तिचं कन्नड का अडावं?