दांडा कोणत्या हाताला?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अर्धांगवायू झालेल्या डोंबिवलीच्या आजोबांच्या घरात काय बदल करावेत, याचा तुझा रिपोर्ट काल रात्री दोनदा वाचला. मापं नीट घेतली आहेस, फोटोही चांगले आहेत. पण शेवटच्या पानावर जे लिहिलं आहेस, ते वाचून काळजी वाटली. 'बाथरूममध्ये ग्रॅब बार बसवावेत, घसरणार नाही अशी मॅट घालावी, बेडची उंची योग्य करावी.' हे कुणाच्याही घराला चालेल. आजोबांच्या घरी हा कागद वाचून गवंडी उद्या नेमकं काय करेल, याचा विचार कर.

मी नवीन असताना एका आजींच्या रिपोर्टमध्ये अगदी हेच वाक्य लिहिलं होतं. घरच्यांनी लगेच माणूस बोलावला. ड्रिल मारायला जिथे सोपं, तिथे त्याने तो धरायचा दांडा बसवला, आणि तो आला त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला. आजी मग कमोडवरून उठताना समोरच्या टॉवेल रॉडला धरायच्या. तो एक दिवस स्क्रूसकट हातात आला. नशिबाने हाड मोडलं नाही. तेव्हापासून माझ्या रिपोर्टमध्ये 'दांडा' या शब्दापुढे तीन गोष्टी असतातच: कोणत्या हाताला, जमिनीपासून किती उंचीवर, आणि भिंत कसली आहे.

आजोबांची डावी बाजू गेली आहे. कमोडवर बसल्यावर भिंत डावीकडे येते, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे तू सुचवलेला भिंतीवरचा दांडा त्यांना कधीच धरता येणार नाही. मागच्या भिंतीतून फ्लशचे पाइप गेले आहेत, त्यामुळे खाली-वर होणारा फोल्डिंग दांडा तिथे लावायचा तर आधी प्लंबरला विचारावं लागेल. तोवर दोन्ही बाजूंना हात असलेली, चाकं नसलेली कमोड चेअर घे, तिचं भांडं काढ आणि ती कमोडवरच ठेव. उजव्या हाताला टेकू मिळेल आणि सीटही उंच होईल. चारही पायांची रबरं जमिनीला टेकतात का, ते खाली वाकून बघ. बाथरूमच्या उतारामुळे एखादा पाय अधांतरी राहतो आणि खुर्ची डुगडुगते. पाय कमी-जास्त करता येणारी खुर्ची घेतलीस की हा प्रश्न सुटतो.

आता जे कुणी बोलत नाही त्याबद्दल. आपल्याकडे धुवायचा हात डावा. आजोबांचा तोच हात गेला आहे. आता उजव्यानेच धुवायचं आणि त्याच हाताने जेवायचं, हे बहात्तर वर्षांच्या माणसाला किती लागतं ते तुला त्यांच्या घरच्या आजी सांगतील, आजोबा नाही. ते दोन वेळा जेवण टाळतात असं तू लिहिलं आहेस. त्यामागे हे आहे का, ते एकट्यात विचार. शिवाय जेट स्प्रे डावीकडच्या भिंतीवर आहे. उजव्या हाताने तो घ्यायचा तर अंग डावीकडे पिळावं लागतं, आणि त्याच बाजूला त्यांचा तोल जातो. सीटखाली बसणारा जेट मिळतो, त्याची कळ उजवीकडे येईल असा घ्यायला सांग. कळ फिरवली की झालं. आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते.

दाराकडे ये. आत जाताना बाथरूमची जमीन खाली आहे, म्हणजे ती पायरी उतरायची आहे. उतरताना आधी अधू पाय, परत येताना आधी चांगला पाय. आत जाताना चौकटीची जी बाजू उजव्या हाताला येते, ती बाहेर येताना डाव्या हाताला जाते. म्हणून दोन उभे दांडे लागतील: एक बाहेरून, आत जाताना उजवीकडे, दुसरा आतून, समोरच्या चौकटीशी, येताना उजवीकडे. तू फक्त जाण्याचा विचार केलास. खरी पडापड येताना होते, माणूस दमलेला असतो आणि पाय ओले असतात. उंबरा काढू नकोस, पाणी खोलीत येईल.

दार आत उघडतं, तेही लिही. आजोबा आत पडले तर त्यांच्याच अंगाने दार अडेल. बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडणारं करायचं, आणि आतली कडी काढून टाकायची. त्यांना डावीकडचं भान राहत नाही, हे तूच चाचणीत नोंदवलं आहेस. डावा खांदा चौकटीवर आपटतो तो त्यामुळेच. आत जाताना डावीकडे येणाऱ्या चौकटीवर लाल पट्टी लावून 'आधी लाल शोधा, मग पाऊल' असं त्यांना शिकव.

दांडे बसवण्याआधी टाइलवर बोटाने टकटक करायला लाव. पोकळ आवाज आला तर तिथे काही बसवू नये. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधा प्लग टिकत नाही, त्या भिंतीसाठीचे अँकर लागतात. आणि बसवून झाल्यावर गवंड्याने स्वतःचं सगळं वजन टाकून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे आजींना सांगून ठेव.

बेडरूम. पलंग तू ४६ सेंटिमीटर मोजलास, पण गादी रिकामी असताना. मी फोन करून आजींकडून आजोबांना बसवून मोजून घेतलं, ४१ भरलं. कापसाची गादी दबते. त्यांच्या गुडघ्यामागची घडी चपलेसकट ४३ वर आहे, म्हणजे बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा खाली जाते आणि उठताना आजी त्यांना डाव्या हाताला धरून ओढतात. तो खांदा आधीच सांध्यातून उतरलेला आहे. पलंगाच्या पायांखाली ५ सेंटिमीटरचे, खाच पाडलेले लाकडी ठोकळे घाला. आणि हात ओढायचा नाही, कमरेला पट्टा बांधून तो धरायचा, हे रिपोर्टमध्ये ठळक लिही.

पलंग पूर्वेच्या भिंतीला आहे, डोकं दक्षिणेला. म्हणजे उजवी, चांगली बाजू भिंतीला आणि उतरायचं लुळ्या बाजूने. तू उशी दुसऱ्या टोकाला न्यायला सांगितलंस. हिशोब बरोबर आहे, पण डोकं उत्तरेला येईल आणि आजी ते एक दिवसही चालू देणार नाहीत. त्यावर वाद घालू नकोस. पश्चिमेचं कपाट आणि पलंग यांची अदलाबदल कर. डोकं दक्षिणेलाच राहील, उजवी बाजू मोकळी होईल, आणि बेल व पाण्याची बाटली त्यांना दिसेल अशी उजवीकडे ठेवता येईल.

रिपोर्ट दोन पानांत बसव. पहिल्या पानावर आज घरचेच करू शकतात ते: कपाट, ठोकळे, बाथरूममध्ये टॉवेल रॉड असेल तर तो काढणं, कडी, लाल पट्टी. दुसऱ्यावर प्लंबर आणि गवंड्याचं, प्रत्येक दांड्याचा फोटोवर बाणाने दाखवलेला ठिकाणा आणि उंची. उंची तू ठरवू नकोस. आजोबांना उभं करून हात सहज जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण कर आणि ती मोज.

काम झाल्यावर पुन्हा जा, पण दुपारी नको. आजोबा पहाटे उठतात, त्या वेळेला जा. दिवा न लावता पलंगापासून कमोडपर्यंत आणि परत, त्यांच्यासारखा फक्त उजवा हात वापरून तू स्वतः चालून बघ. तुझा हात कुठे कुठे आधार शोधतो ते लिहून मला पाठव.

तुझी,
ताई