‘मी आंबे खाल्ले’ यातला ‘मी’

प्रश्न : ‘मी काल दोन आंबे खाल्ले.’ यातल्या ‘मी’ची विभक्ती विचारली होती. मी प्रथमा लिहिलं, कारण शब्दाला प्रत्ययच नाही आणि तो कर्ताही आहे. उत्तरसूचीत तृतीया दिलंय. छपाईची चूक आहे का? (निपाणी, तलाठी भरतीची तयारी)

छपाईची चूक नाही, तृतीयाच बरोबर आहे. तुमचा तर्क ‘मी आंबे खातो’ या वाक्याला लागू पडला असता.

‘मी’ काढून तिथं ‘तो’ घालून बघा. ‘तो काल दोन आंबे खाल्ले’ असं होत नाही, ‘त्याने काल दोन आंबे खाल्ले’ असं होतं. ‘तो’चा ‘त्याने’ झाला म्हणजे ती जागा तृतीयेची. ‘मी’चं आणि ‘तू’चं प्रथमेतलं आणि तृतीयेतलं रूप दिसायला एकच, म्हणून प्रत्यय शोधायला गेलं की हाताला काही लागत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात सर्वनामांची रूपं दिलेलं पान उघडा, तृतीयेच्या ओळीत ‘मी’ पुन्हा छापलेला दिसेल आणि शेजारी ‘म्यां’. जुन्या मराठीत ‘म्यां केले’ असं वेगळं रूप होतं, ते प्रमाण मराठीतून गेलं. खानापूरकडून खाली गोव्यात उतरलात तर कोकणीत हा फरक अजून ऐकू येतो : ‘हांव आंबो खातां’, पण ‘हांवें आंबो खालो’.

राहिला कर्त्याचा मुद्दा. कर्ता म्हणजे प्रथमा हे समीकरण डोक्यातून काढाच. कर्ता हे वाक्यातलं काम आहे, प्रथमा हे शब्दाचं रूप. या वाक्यात क्रियापद कर्त्याकडं ढुंकूनही बघत नाही. आंबा असला तर खाल्ला, पोळी असली तर खाल्ली, पोळ्या असल्या तर खाल्ल्या. खाणारा बाई असो की बाप्या, काही फरक पडत नाही. हा कर्मणी प्रयोग, आणि त्यात कर्ता तृतीयेत जातो.

आपल्या सीमाभागातल्या पोरांना हे जास्त अडतं, त्याला कारण आहे. आपण घरात ‘मी जेवण केलो’, ‘मी काम केलो’ असं सर्रास बोलतो. कन्नडमध्ये ‘नानु हण्णु तिंदे’, ‘अवनु हण्णु तिंदनु’ असं क्रियापद खाणाऱ्याप्रमाणं बदलतं आणि खाणारा प्रथमेतच राहतो. तीच सवय आपल्या मराठीत उतरली आहे. आठवीत मी निबंधात ‘मी गोष्ट वाचलो’ लिहिलं होतं. बाईंनी ‘लो’भोवती लाल गोल काढला, वर काहीच लिहिलं नाही. मला वाटलं अक्षर खराब आलंय, म्हणून तेच वाक्य घोटून पुन्हा लिहून नेलं! तेव्हा ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून बघताना पुस्तकी मराठी मनात धरा. घरच्या बोलीत तुम्हाला ‘तो आंबा खाल्ला’ खटकत नसेल, तर परीक्षा तिथंच फसेल.

आता याच्या उलटी चूक करू नका. भूतकाळ आणि कर्म दिसलं की डोळे झाकून तृतीया, असं नाही. ‘मी धडा विसरलो’ हे वाक्य घ्या. कर्म आहे, भूतकाळ आहे, पण ‘तो धडा विसरला’ असंच म्हणतात, ‘त्याने विसरला’ म्हणत नाहीत. म्हणून इथला ‘मी’ प्रथमेतला. ‘मी मराठी शिकलो’ तसंच. अशी क्रियापदं थोडी आहेत, पण प्रश्न काढणाऱ्यांना नेमकी तीच आवडतात. आणि ‘मी घरी गेलो’मध्ये तर कर्मच नाही, तिथं प्रथमाच.

सगळ्यात फसवं वाक्य मात्र ‘तू पत्र लिहिलेस’ या जातीचं. शेवटचा ‘स’ बघून वाटतं की क्रियापद ‘तू’प्रमाणं चाललंय, तेव्हा प्रथमा. तो ‘स’ ‘तू’मुळंच आलाय, हे खरं. पण त्याच्या आधीचं ‘लिहिले’ पत्राचं आहे. पत्राऐवजी चिठ्ठी ठेवली तर ‘लिहिलीस’ होतं. एकाच क्रियापदावर दोघांचा हक्क, म्हणून याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. विभक्ती ठरवायला पुन्हा तेच करा : ‘त्याने पत्र लिहिले’. म्हणजे ‘तू’ तृतीयेत.