शंभर वर्षं, दीडशे शब्द

“ताई, ‘१८५० ते १९५० : मुंबईच्या गिरणी कामगारांच्या जीवनातील बदल आणि सातत्य’, शब्द फक्त दीडशे. मी सनावळी लिहीत जाते आणि सातत्याला जागाच उरत नाही. शेवटी ‘काही गोष्टी मात्र तशाच राहिल्या’ असं लिहून संपवते. नेमकं काय गाळायचं?”

ठाण्यातल्या माझ्या खोलीत बसून ती हे सांगत होती. स्पर्धा परीक्षेच्या सरावाची उत्तरपत्रिका तिनं सोबतच आणली होती. उत्तरात अकरा सनं होती. एकही चूक नव्हती आणि दहापैकी गुण होते तीन. परीक्षकानं शेवटच्या वाक्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, “कोणत्या?”

तो शेरा मला अगदी रास्त वाटला. ते वाक्य रेल्वेवरच्या उत्तरात टाका, शेतीवरच्या टाका, कुठेही बसतं. असं कुठेही चिकटणारं वाक्य दिसलं की समजावं, तिथे सातत्य लिहायचं राहून गेलंय.

मी तिला म्हटलं, “सनावळी बाजूला ठेव. १८५६ साली ताडदेवला दावरांची गिरणी सुरू झाली. तिथला एक कामगार घे आणि १९५० चा एक घे. दोघांना एकच प्रश्न विचार : कामाचा दिवस किती तासांचा?”

पहिला सांगेल, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. दुसरा सांगेल, दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस, कारण १९४८ चा कारखाने कायदा आला होता. हा झाला बदल. मोजमाप दोन्ही टोकांना एकच असल्यामुळे तो दोन वाक्यांत मावतो. एका टोकाला तास आणि दुसऱ्या टोकाला पगार लिहिला, तर तुलनाच उभी राहत नाही. तिच्या पहिल्या उत्तरात नेमकं हेच झालं होतं.

मधल्या काळासाठी तिनं १८८१ चा कायदा निवडला होता. पण त्यात तासांची मर्यादा लहान मुलांपुरती होती. प्रौढ पुरुषांना गिरण्यांत बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ च्या कायद्यानं. त्याआधी १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस उलट लांबला. हे एक वाक्य मी तिला आवर्जून ठेवायला लावलं. सुधारणा सरळ रेषेत झाली नाही, हे त्यातून दिसतं. बाकीची बहुतेक सनं आम्ही खोडली.

सातत्यापाशी ती अडली. मी विचारलं, “तुमच्या घरी कुणी गिरणीत होतं?”

“आजोबा. संगमेश्वरकडचे. लालबागला गाळ्यात दहा-बाराजण राहायचे, जेवायला खानावळ. आजी गावीच. तिला मनिऑर्डर यायची.”

“आणि पणजोबा?”

“तेही तसेच.” एवढं बोलून तिनं स्वतःच पेन उचललं.

घरची आठवण मात्र उत्तरात पुरावा म्हणून चालत नाही. शिवाय सातत्य दोन टोकांना दिसून भागत नाही, ते मध्येही दिसावं लागतं. म्हणून तिनं लिहिलं : ‘पहिल्या गिरण्यांपासून स्वातंत्र्यापर्यंत रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या कामगारानं गावाशी नातं तोडलं नाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातही अनेकांनी गावचाच आधार घेतला.’

यावर मी एकच विचारलं, “का?” कारण सांगितलं नाही, तर सातत्य म्हणजे नुसती सवय वाटते. बदलाची कारणं मुलं देतात, टिकण्याची देत नाहीत. मला तरी गुण तिथेच अडकलेले दिसतात. इथे कारण ठोस आहे. मालाला उठाव नसला की गिरणी माणसं कमी करी, बदलीवाला रोज फाटकाशी काम मिळेल का म्हणून उभा राही. आजारपणाची, म्हातारपणाची सोय नव्हती. गावचा जमिनीचा तुकडा हाच त्याचा विमा होता. कायद्यानं तास कमी केले, पण ही अनिश्चितता बराच काळ तशीच राहिली. या एका वाक्यानं बदल आणि सातत्य एकमेकांना जोडले गेले.

मग प्रश्न आला जॉबरचा. कामगार भरती त्याच्या हातात असे. १९३० नंतरच्या दशकात बदली कामगारांची नोंदणी सुरू झाली, तसा त्याचा जोर ओसरू लागला, पण तो लगेच गेला नाही. “हा बदलात की सातत्यात?” मी म्हटलं, पाचशे शब्द असते तर दोन्हीकडे गेला असता. दीडशे शब्दांत अर्धवट सांगितलेला जॉबर दोन्ही मुद्दे डळमळीत करतो.

तिनं शब्द मोजले. एकशे त्रेसष्ट भरले. जॉबरची ओळ एकवीस शब्दांची होती. तिनं ती थोडा वेळ पाहिली आणि खोडली.